कास्टिंग उशिरा येतंय, हे कसं कळवावं?

भोसरीतल्या एखाद्या मशीन बनवणाऱ्या कारखान्याचं उदाहरण घेऊ. मशीनचा बेड, म्हणजे बिडाचा जड पाया, कोल्हापूरच्या फाउंड्रीतून ४ मेला यायचा होता. तपासणीत गाईडवेच्या जागेवर ब्लो होल निघाले आणि कास्टिंग रिजेक्ट झालं. नवं १५ मेला मिळेल. म्हणजे अकरा दिवसांचा उशीर. आता प्लॅनिंगवाल्याला सगळ्या टीमला मेल टाकायचा आहे.

तो लिहिण्याआधी त्याने हिशोब करायला हवा. बेड ४ तारखेला आला असता, तरी मशीनिंगला ९ मेलाच लागणार होता. मधले पाच दिवस नुसता पडून राहिला असता. आता तो १५ला आला की १६लाच मशीनवर चढेल. त्यामुळे खरा फटका सातच दिवसांचा. हे न मोजता ‘अकरा दिवस उशीर’ असं कळवलं, की असेंब्लीवाले सुट्ट्या टाकतात आणि सेल्सवाला ग्राहकाला भलतीच तारीख देऊन बसतो.

विषयाच्या ओळीतच तारीख हवी: ‘डिस्पॅच ३ जूनऐवजी १० जून’. पुढचा मजकूर साधारण असा:

‘बेडच्या कास्टिंगमध्ये दोष निघाल्याने ते पुन्हा ओतलं जात आहे. नवं कास्टिंग शुक्रवारी, १५ मेला येईल. मशीनिंग शनिवारी, १६ मेला सुरू. ग्राहकाची तपासणी सोमवारी, १ जूनऐवजी ८ जूनला. इलेक्ट्रिकल पॅनेल आणि हायड्रॉलिक पॉवर पॅकचं काम आहे त्याच तारखांना पूर्ण करायचं आहे. ग्राहकाशी सेल्स विभाग बोलेल. इतरांनी तारीख कळवू नये. पुढची खबर मंगळवारी, १२ मेला संध्याकाळी.’

तारखेबरोबर वार लिहिलेला बरा. भोसरीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे चुकून सुट्टीचा दिवस धरला गेला तर तो लगेच नजरेत येतो. पॅनेलचं वाक्य तर वगळूच नये. तारखा पुढे गेल्या एवढंच कळलं, की वायरिंगवालेही हात आखडता घेतात आणि मग बेड येतो तेव्हा पॅनेल तयार नसतं. फाउंड्रीला दोष देणारी ओळ मात्र नको. मेल फॉरवर्ड होतो, आणि पुढचं कास्टिंगही तिथूनच यायचं असतं.

‘फाउंड्रीला जरा घाई करायला सांगा’ असं उत्तर कुणीतरी पाठवणारच. पण जड कास्टिंग साच्यातच सावकाश थंड होऊ द्यावं लागतं. लवकर बाहेर काढलं तर आत ताण राहतो आणि मशीनिंगनंतर बेड वाकतो. तिथे वाचवलेले दोन दिवस स्क्रेपिंगमध्ये दुपटीने जातात.

१२ मे ही तारीख उगाच निवडलेली नाही. त्या दिवशी साचा फुटणार आहे. गाईडवेवर पुन्हा भोकं दिसली, तर १० जून गेलाच, आणि ते त्याच संध्याकाळी सगळ्यांना कळवावं लागेल.