गुडघा नेमका कुठे दुखतो?

“नमस्कार सर, मला यंदा सातारा हिल हाफ मॅरेथॉन सव्वादोन तासांत पूर्ण करायची आहे. आठवड्याला ३५ किलोमीटर पळते. मध्ये गुडघा दुखत होता, आता ठीक आहे. मला प्लॅन पाठवा.”

धावायला शिकवणाऱ्या प्रशिक्षकांना अशा धाटणीची पत्रं नेहमी येतात. त्यावरून प्लॅन करून देता येतो, पण तो तिचा नसतो, कुणालाही चालेल असा असतो. हेच पत्र नीट लिहिलं तर प्रशिक्षकाच्या हाती काय काय लागतं, ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, लिहिणारी ४१ वर्षांची, पुण्यात बँकेत नोकरी करणारी, दोन वर्षं पळणारी आहे आणि शर्यतीला सोळा आठवडे आहेत.

आधी ध्येय. साताऱ्याची ही शर्यत २०१२ पासून होते. २१ किलोमीटरच्या या वाटेचा पूर्वार्ध यवतेश्वर घाट चढण्यात जातो आणि मग तोच घाट उतरायचा असतो. तेव्हा ‘सव्वादोन तास’ हा आकडा कुठून आला, हे प्रशिक्षकाला कळायला हवं. त्यासाठी पत्रात अलीकडची एखादी खरी वेळ लागते. तिने लिहिलं, “दोन महिन्यांपूर्वी सपाट रस्त्यावर १० किलोमीटर ६८ मिनिटांत पळाले.” पीटर रीगेल या अमेरिकन अभियंत्याने एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराच्या वेळेचा अंदाज बांधणारं सूत्र मांडलं होतं. त्यानुसार हिची सपाट रस्त्यावरची अर्धमॅरेथॉन सुमारे अडीच तासांची निघते, आणि घाटात त्याहून जास्त वेळ लागणार. म्हणजे सव्वादोन तास यंदाचं ध्येय नाही. ‘न थांबता, गुडघा न दुखता घाट उतरणं’ हे मात्र आहे. ते ठरलं की पुढचा सगळा आराखडा बदलतो, कारण आता वेग वाढवण्यापेक्षा उताराची तयारी महत्त्वाची ठरते.

आता दुखापत. पत्राचा हा भाग सगळ्यात मोलाचा, आणि नेमका तोच लोक एका ओळीत उरकतात. ‘गुडघा दुखत होता’ यातून काहीच कळत नाही. गुडघा पुढून, वाटीभोवती दुखला तर एक शक्यता, आतल्या बाजूने दुखला तर दुसरी, मागून दुखला तर तिसरी. तिने दुसऱ्यांदा लिहिलं ते असं: “डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, एक बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी दुखायचं. गेल्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालं. पहिले पाच किलोमीटर काहीच वाटायचं नाही, सहाव्यात दुखायला लागायचं आणि मग पळणं अशक्य व्हायचं. सपाटीवर चालताना दुखत नसे, पण जिना उतरताना दुखे. सूज नव्हती, गुडघा अडकत नव्हता. त्याआधी तीन आठवड्यांत मी रविवारचं अंतर आठवरून चौदावर नेलं होतं. पाच आठवडे पळणं बंद ठेवलं, दुखणं थांबलं. व्यायाम काही केला नाही.”

एवढ्यावरून अनुभवी प्रशिक्षकाला आयटी बँडचा संशय येतो. मांडीच्या बाहेरच्या अंगाने खुब्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत उतरणारा हा जाड, चिवट पट्टा. गुडघा थोडासा वाकलेला असताना त्याच्याखालच्या भागावर दाब येतो, आणि उतारावर तसे शेकडो दाब लागोपाठ पडतात. ठरावीक अंतरानंतर दुखणं उठणं आणि जिना उतरताना त्रास होणं ही त्याची ओळखीची लक्षणं. पण प्रशिक्षक डॉक्टर नव्हे. निदान फिजिओथेरपिस्टकडून पक्कं करून घ्यायला तो सांगेलच. शिवाय रात्री झोपेत दुखत असेल, हाडावर एकाच बिंदूत टोचल्यासारखं दुखत असेल किंवा सूज असेल, तर प्लॅन राहू दे, आधी डॉक्टरांकडे जा, असंच त्याने म्हणायला हवं.

त्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात बोलकं वाटतं. विश्रांतीने दुखणं थांबलं, पण खुब्याच्या बाजूच्या स्नायूंची ताकद आणि उताराची सवय विश्रांतीने येत नाही. आणि हिने निवडलेली शर्यत नेमकी लांबलचक उताराची आहे. ‘आता ठीक आहे’चा अर्थ इथे फक्त एवढाच की अजून उतार लागलेला नाही. जुन्या आजारांचंही असंच आहे. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, कमी हिमोग्लोबिन, रोजच्या गोळ्या, पाळीच्या तक्रारी हे सगळं पत्रात यायला हवं. पळताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली असेल तर ते पहिल्या ओळीत.

राहिलं आठवड्याचं वेळापत्रक. इथे आपण ठरवलेलं लिहितो, झालेलं लिहीत नाही. तिला मागच्या चार आठवड्यांची नोंद पाहून लिहायला सांगितलं, तेव्हा आकडे आले २२, १२, ० आणि २४ किलोमीटर. तिसऱ्या आठवड्यात घरात लग्न होतं. सरासरी साडेचौदा. पस्तीस गृहीत धरून तिला पहिल्याच आठवड्यात चाळीसला नेलं असतं, तर नोव्हेंबरचीच गोष्ट पुन्हा घडली असती.

अंतराबरोबर दिवसही सांगायचे. तिने लिहिलं, “सकाळी साडेपाच ते पावणेसात मोकळी असते, त्यानंतर मुलांचे डबे. महिनाअखेरीला घरी यायला उशीर होतो. दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी. श्रावणात सोमवारी उपास असतो.” यातली प्रत्येक गोष्ट प्लॅनमध्ये उतरते. रविवारी लांब पळून सोमवारी उपास करायचा, तर सोमवारी व्यायाम अजिबात नको आणि रविवारी दुपारी-रात्री जेवण नीट हवं. सुट्टीचा शनिवार घाटासाठी मिळाला, कारण कात्रजच्या जुन्या घाटात जाऊन यायला कामाच्या दिवशी सवड नाही.

मग आराखडा साधारण असा होतो. पहिला आठवडा १६ किलोमीटरचा: मंगळवारी चार, गुरुवारी चार, रविवारी आठ, सगळं बोलत बोलत पळता येईल इतक्या सावकाश. पुढे १८, २०, आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा १५. बुधवारी आणि शुक्रवारी वीस-वीस मिनिटं ताकदीचे व्यायाम: कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, पायरीवरून एका पायाने तीन सेकंद मोजत खाली टेकणं, टाचा उचलणं. पहिले सहा आठवडे चढ पळत चढायचा, उतार चालत उतरायचा. सातव्या आठवड्यापासून सुट्टीच्या शनिवारी उतारावर एकच किलोमीटर पळायचं, पावलं छोटी आणि भराभर. त्रास झाला नाही तर पुढच्या वेळी दोन, मग तीन, मग चार. घाटाच्या आठवड्यात गुरुवारचं पळणं रद्द आणि रविवारचं अंतर कमी, कारण उतारानंतर मांड्या दोन-तीन दिवस ठणकतात. एकदा असं ठणकून गेलं की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने कमी ठणकतं. उताराची ही मात्रा थोडी थोडी द्यायची ती यासाठीच.

प्लॅनसोबत प्रशिक्षकाने एक अटही घातली. दुखणं शून्य ते दहाच्या मापात रोज लिहायचं. दोनपर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळी जिना उतरताना जाणवत नसेल तर ठरल्याप्रमाणे चालू ठेवायचं. तीन-चारवर गेलं किंवा सकाळीही जाणवलं, तर पुढचं पळणं निम्म्यावर आणि उतार बंद. त्याहून वर गेलं तर त्या दिवशी तिथेच थांबायचं, चालत घरी यायचं आणि कळवायचं. दुखणं दाबायला गोळी घेऊन पळायचं नाही. त्याने माप खोटं ठरतं, आणि अंगातलं पाणी कमी झालेलं असताना काही वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

चौथ्या आठवड्याअखेरीस तिने दुसरं पत्र पाठवायचं आहे. त्यात ठरलेले आणि प्रत्यक्ष पळालेले किलोमीटर शेजारी शेजारी, रोजच्या दुखण्याचे आकडे, झोपेचे तास आणि चुकलेल्या प्रत्येक दिवसाचं कारण. पाचव्या आठवड्याचे आकडे प्रशिक्षकाने अजून भरलेले नाहीत. ते या पत्रावरून ठरतील.