ऑनलाइन क्लासचा हिशेब कुठे चुकतो?

युडेमीवर कोर्स ठेवणाऱ्या शिक्षकाला दोन वेगळे दर मिळतात. विद्यार्थी त्याच्या स्वतःच्या लिंकवरून आला, तर कर वगैरे वजा जाता ९७ टक्के रक्कम शिक्षकाची. युडेमीने आपल्या शोधातून विद्यार्थी आणून दिला, तर ३७ टक्के. व्हिडिओ तेच, सर्व्हर तोच. मधले ६० टक्के हे विद्यार्थी शोधून आणण्याचे मोल आहे. ऑनलाइन क्लास काढू पाहणारे बहुतेक जण कॅमेरा आणि माइकच्या किमतीपासून सुरुवात करतात. खरा खर्च या ६० टक्क्यांत दडलेला असतो.

एक उदाहरण मांडून पाहू. आकडे गृहीत धरलेले आहेत, पण लहान क्लासच्या आवाक्यातले आहेत. सोलापुरातले एक सर टॅली आणि जीएसटी शिकवतात. मराठीतून दहा तासांचा कोर्स करायचा आणि ३,००० रुपयांना विकायचा, असे त्यांनी ठरवले. एका तासाच्या तयार व्हिडिओमागे टिपणे, चित्रीकरण आणि दुरुस्त्या धरून बारा तास जातात. क्लासमध्ये त्यांच्या तासाचे ४०० रुपये होतात, म्हणजे ४८,००० रुपयांची स्वतःची मेहनत. ती फुकट धरू नये, कारण तेवढा वेळ क्लासच्या कमाईतून जातो. माइक, दिवे, एडिटिंगचे ३२,००० धरले की ८०,००० होतात.

हा खर्च एकदाच होतो असे मानणे धोक्याचे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळजवळ गेले. त्याआधी चित्रित केलेली १२ टक्क्यांची सगळी बिले एका दिवसात जुनी झाली. म्हणून नियम आणि सॉफ्टवेअरची पद्धत शिकवणारे व्हिडिओ आखूड असावेत. एक तासाचा पाठ पुन्हा करण्यापेक्षा सहा मिनिटांचा तुकडा बदलणे कितीतरी सोपे.

सर कोर्स स्वतःच विकतात, तेव्हा पेमेंट गेटवेचे २ टक्के आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून साधारण ७१ रुपये जातात. इथे फारसे दुखत नाही. (वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की फीवरही १८ टक्के जीएसटी लागतो, मग त्याच ३,००० मधले सरांचे २,५४२च उरतात.)

आता जाहिरात. ४०,००० रुपये खर्चून चारशे जणांनी व्हॉट्सॲपवर चौकशी केली, १२० जण मोफत डेमोला बसले, वीस जणांनी फी भरली. एका प्रवेशाला २,००० रुपये पडले. हातात राहिले ९२९. ८०,००० वसूल व्हायला ८७ विद्यार्थी हवेत, आणि प्रत्येक बॅचला पुन्हा तेवढीच जाहिरात.

हे चक्र सुटते ते पूर्ण करणाऱ्यांमुळे. एमआयटी आणि हार्वर्डच्या एडएक्सवरील कोर्सेसचा अभ्यास २०१९ साली ‘सायन्स’मध्ये आला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी कोर्स पूर्ण केला होता. प्रमाणपत्रासाठी पैसे भरणाऱ्यांतही निम्म्याहून कमी, ४६ टक्के. अर्धवट सोडणारा सहसा तक्रार करत नाही, गप्प राहतो, आणि भावाला किंवा मैत्रिणीला कोर्स सुचवतही नाही.

सरांनी दर रविवारी दोन तासांचा शंकावर्ग ठेवला, आठ आठवडे. त्यांच्या वेळेचे ६,४०० रुपये, म्हणजे वीस जणांत माणशी ३२०. समजा, त्यामुळे पूर्ण करणारे तीनाचे दहा झाले आणि त्यांच्या शब्दावर पुढच्या बॅचमध्ये चार जण जाहिरातीशिवाय आले. मग जाहिरातीचा खर्च सोळा जणांचाच, सरासरी १,६०० रुपये. ३२० घालून ४०० वाचले. फरक छोटा दिसतो, पण ओळखीतून येणाऱ्यांची संख्या वाढत गेली की तोही वाढतो. जाहिरातीचा दर मात्र आपल्या हातात कधीच नसतो.

मात्र ‘पूर्ण केले’ म्हणजे काय, हे आधी ठरवायला हवे. शेवटचा व्हिडिओ चालू झाला, हे माप फसवे आहे. विद्यार्थ्याने सरावाच्या आकड्यांवर जीएसटीआर-३बी स्वतः भरून दाखवले, हे माप खरे. आणि गळती कुठे होते ते पाठागणिक पाहावे. फी भरून आठवडाभर पहिला पाठही उघडला नसेल, तर डेमोत काहीतरी चुकीचे विकले गेले आहे. इनपुट टॅक्स क्रेडिटच्या पाठाशी निम्मे थांबत असतील, तर तो पाठच अवघड झाला आहे, तो नव्याने करावा. दर पाठाला थोडे थोडे गळत असतील, तर विद्यार्थ्यांना वेळ काढणे जमत नाही. तिथे नवा व्हिडिओ कामाचा नाही, ठरलेल्या वाराचा वर्ग आणि न आलेल्याला केलेला फोन उपयोगी पडतो.