फोन उचलला की आधी आडनाव

पुण्याहून श्टुटगार्टला नोकरीसाठी जाणाऱ्यांची जर्मनची परीक्षा बहुधा झालेली असते. विभक्ती पाठ असतात, क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवायची सवयही लागलेली असते, आणि ती तर मराठी माणसाला जन्मापासूनच असते. तरी पहिल्या आठवड्यात दोन ठिकाणी गाडी अडते: कॉफीच्या मशीनपाशी आणि टेबलावरच्या फोनपाशी.

कॉफीच्या मशीनचं त्यातल्या त्यात सोपं. सकाळी आत शिरताना समोर दिसेल त्याला ‘गुटन मॉर्गन’ म्हणायचं, ओळख असो वा नसो. दुपारी बाराच्या सुमाराला अनेक कचेऱ्यांत जिन्यात भेटणारा माणूस ‘मालत्साइट’ म्हणतो. हे जेवणाचं आमंत्रण नसतं, दुपारचा नमस्कार असतो. उत्तरही ‘मालत्साइट’ एवढंच. शुक्रवारी निघताना सुट्टीच्या शुभेच्छा द्यायच्या, सोमवारी ती कशी गेली ते विचारायचं. हवा, उशिरा आलेली रेल्वे, उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठे जाणार, एवढ्या विषयांवर वर्ष सहज निघतं. दोन-तीन मिनिटं झाली की समोरचा कप उचलून निघून जातो. त्यात राग नसतो, तिथे गप्पा तेवढ्याच असतात.

काय विचारायचं नाही हे मात्र आपल्याला जड जातं. पगार, घरभाडं, लग्न, मुलं, धर्म हे ओळख नसताना काढायचे विषय नव्हेत. त्याहून अवघड म्हणजे आजारपण. सहकारी चार दिवसांनी परत आला की आपल्या तोंडून ‘काय झालं होतं?’ निघतंच, आणि मागोमाग काढ्याची कृती. जर्मनीत डॉक्टरकडून आजारपणाची जी नोंद मालकापर्यंत पोचते, तिच्यात आजाराचं नाव नसतं. किती दिवस काम जमणार नाही एवढंच असतं. जे मालकाला कळवलं जात नाही ते शेजारच्या टेबलाने विचारू नये, असा सरळ हिशेब. ‘आता बरं वाटतंय ना?’ पुरेसं. तसंच वाढदिवसाचं. केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा, आणि शुभेच्छा आदल्या दिवशी अजिबात द्यायच्या नाहीत. ते अपशकुनी मानतात, आणि भलेभले इंजिनिअरही मानतात.

खरी कसोटी फोनची. समोर चेहरा नाही, हातवारे नाहीत, आणि पलीकडचा माणूस बहुतेकदा त्या भागातल्या बोलीत बोलतो. तिथे ‘हॅलो’ म्हणून थांबलं तर पलीकडे शांतता पसरते, कारण त्याला अजून कळलेलंच नसतं की तो कोणाशी बोलतोय. रीत अशी की फोन उचलणाऱ्याने आधी कंपनीचं नाव, मग आपलं आडनाव, मग ‘गुटन टाग’ म्हणायचं. फोन करणाऱ्यानेही आधी स्वतःचं नाव आणि कंपनी सांगायची, मग काम. ‘कोण बोलतंय?’ असा प्रश्न येण्याची वेळच येऊ द्यायची नाही.

एक प्रसंग धरून बघू. श्टुटगार्टच्या एका यंत्रकंपनीत वैद्य आडनावाची एक मुलगी नुकतीच लागली आहे. दुपारचे सव्वाबारा. सहकारी हेर वेबर जेवायला गेलेत आणि त्यांचा फोन तिच्याकडे वळवलाय. घंटी वाजते. ती कंपनीचं नाव आणि आडनाव सांगते. पलीकडून एका पुरवठादार कंपनीच्या बाई आपलं नाव सांगून वेबर यांना मागतात. ‘ते आत्ता जागेवर नाहीत, एक वाजल्यानंतर भेटतील. काही निरोप देऊ का?’ एवढं तिने म्हणायचं. ‘दोन मिनिटांत करायला सांगते’ असं म्हणायचं नाही, कारण तिकडे ते आश्वासन धरलं जातं आणि तिसऱ्या मिनिटाला त्या बाई घड्याळ बघतात. काम कशाबद्दल आहे हे विचारण्यात मात्र कसलाही उद्धटपणा नाही. चिठ्ठीवर पाच गोष्टी हव्यात: नाव, कंपनी, नंबर, विषय आणि परत फोन कधी केलेला चालेल ती वेळ.

नंबर पुष्कळदा दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात, आणि जर्मनमध्ये एकक आधी, दशक नंतर. सदतीस म्हणजे ‘सात आणि तीस’. इंग्रजीतून विचार करणारा इथे ७३ लिहून बसतो. मराठी माणसाने इंग्रजी बाजूला ठेवून सरळ ‘सदतीस’ मनात आणावं, कारण आपणही सात आधीच म्हणतो आणि लिहितो ३७. शिवाय फोनवर दोनला ‘त्स्वाय’ऐवजी ‘त्स्वो’ म्हणतात, नाहीतर तीनच्या ‘द्राय’शी घोटाळा होतो. लिहून झालं की नंबर एकेक आकडा सुटा करून परत वाचून दाखवायचा.

मग त्या बाई विचारतात, ‘तुमचं नाव परत सांगता का?’ आणि खरी पंचाईत इथे होते. ‘वैद्य’ ऐकून जर्मन माणूस डब्ल्यूने सुरुवात करतो, कारण आपला व त्यांच्याकडे डब्ल्यूचा. स्पेलिंग इंग्रजी पद्धतीने सांगायला जावं तर गोंधळ वाढतो. जर्मनमध्ये व्हीचं नाव ‘फाऊ’ आणि डब्ल्यूचं ‘वे’, त्यामुळे आपला ‘व्ही’ त्यांना डब्ल्यूसारखा लागतो. आपला ‘ए’ म्हणजे त्यांचा ई, आपला ‘ई’ म्हणजे त्यांचा आय. यावर उपाय जुना आहे: प्रत्येक अक्षरासाठी ठरलेला एक शब्द. वैद्यबाईंनी म्हणायचं: विक्टर, आंटोन, ईडा, डोरा, इप्सिलोन, आंटोन. सहा शब्द, आणि पलीकडे नाव बिनचूक उतरतं.

या शब्दांचा तक्ता साधासुधा नाही. १८९०च्या बर्लिनच्या टेलिफोन डिरेक्टरीत अक्षरांना आकडे होते, १९०३मध्ये त्यांच्या जागी माणसांची नावं आली. १९३४मध्ये नाझी राजवटीत त्यातली ज्यू नावं काढली गेली. डीचा डाव्हिड जाऊन डोरा आली, एनचा नाथान जाऊन नॉर्डपोल, म्हणजे उत्तर ध्रुव, आला. युद्धानंतर काही जुनी नावं परतली, पण डोरा आणि नॉर्डपोल तसेच राहिले. २०२२मध्ये कार्यालयांसाठीच्या प्रमाणकात, डिन ५००९मध्ये, शहरांची नावं घातली गेली: आखेन, बर्लिन, केमनित्स, ड्युसेलडॉर्फ. लोकांच्या जिभेवर मात्र अजून आंटोनच आहे. माझं मत विचाराल तर नवा तक्ता शिकावा आणि जुना ऐकून ओळखता यावा, कारण फोनवर दोन्ही येतात.

फोन ठेवताना ‘आउफ विडरझेहन’ नाही, ‘आउफ विडरह्यॉरन’. एकमेकांना पाहिलेलंच नाही, तेव्हा परत ऐकू या. नव्या माणसाने फोनवर समोरच्याला ‘झी’ म्हणजे अहो-जाहोच करावं. ‘डू’वर यायचं की नाही हे वयाने किंवा हुद्द्याने मोठा असलेला ठरवतो. काही कंपन्यांत पहिल्या दिवसापासून सगळे एकेरीत बोलतात, पण ते त्यांच्या भिंतींच्या आत. बाहेरच्या ग्राहकाला ते लागू नाही.

भाषा नीट कळत नाही म्हणून बोलणं रेकॉर्ड करून घरी निवांत ऐकावं, असं पुष्कळांना सुचतं. ते करू नका. समोरच्याला न विचारता त्याचं खासगी बोलणं रेकॉर्ड करणं हा जर्मन दंडसंहितेच्या कलम २०१खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. फोन स्पीकरवर टाकण्यापूर्वीसुद्धा ‘खोलीत आणखी कोणी आहे’ हे सांगायची पद्धत आहे. समजलं नाही तर सरळ ‘जरा सावकाश सांगता का?’ म्हणा, त्याचं कोणाला वाईट वाटत नाही. आणि तुमच्या मोबाइलवर प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होत असेल, तर विमानात बसण्याआधी ती सोय बंद करा.