ऑर्डरींची वाटणी कोणत्या रकान्यावर?

ऑनलाइन बाजारात कुणी खरेदी केली की कंपनीच्या डेटाबेसमध्ये `orders` या टेबलात एक ओळ वाढते. धंदा वाढतो तसे टेबल कोट्यवधी ओळींचे होते. आधी मोठा सर्व्हर घेतला जातो, मग जुन्या ऑर्डरी वेगळ्या ठेवल्या जातात. वाचनाचा भार हलका करायला टेबलाच्या प्रती दुसऱ्या सर्व्हरांवर काढल्या जातात. पण प्रती काढून लिखाणाचा भार कमी होत नाही, कारण प्रत्येक नवी ऑर्डर मूळ सर्व्हरवरच लिहावी लागते. तोही सर्व्हर पुरेनासा झाला की टेबलाचे तुकडे करून ते अनेक सर्व्हरांवर ठेवणे भाग पडते. या वाटणीला शार्डिंग म्हणतात. कोणती ओळ कुठे जाणार हे ज्या रकान्यावरून ठरते, ती शार्ड की.

समजा, एका बाजारपेठेच्या साइटवर हजारो विक्रेते आहेत, लाखो ग्राहक आहेत आणि ऑर्डरी 16 सर्व्हरांवर वाटायच्या आहेत. `orders` मध्ये शार्ड की होऊ शकतील असे चार रकाने आहेत: ऑर्डरची तारीख, ऑर्डर क्रमांक, विक्रेता आणि ग्राहक.

तारखेची वाटणी समजायला सोपी आहे. जानेवारी एका सर्व्हरवर, फेब्रुवारी दुसऱ्यावर. पण आजच्या सगळ्या ऑर्डरींची तारीख आजचीच असते. म्हणजे चालू महिन्याचा एकच सर्व्हर सगळे लिखाण झेलतो आणि बाकीचे 15 जवळजवळ रिकामे बसतात. ज्या दुखण्यासाठी एवढा खटाटोप केला, ते होते तिथेच राहते.

मग ऑर्डर क्रमांक घेऊ. क्रमांकावर हॅश नावाची ठरलेली आकडेमोड करायची. तिचे उत्तर यादृच्छिक दिसते, पण त्याच क्रमांकाला नेहमी तेच मिळते. त्यामुळे ओळी सगळीकडे समसमान पसरतात. अडचण वाचताना कळते. ग्राहक ‘माझ्या ऑर्डरी’ उघडतो तेव्हा त्याच्या पाच ऑर्डरी पाच ठिकाणी असू शकतात, आणि त्या कुठे आहेत हे ठाऊक नसल्याने 16ही सर्व्हरांना विचारावे लागते. सगळ्यांत सावकाश सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत पान पूर्ण होत नाही. प्रत्येक सर्व्हर शंभरात एकदा रेंगाळत असेल, तर 16 जणांना विचारल्यावर त्यांतला निदान एक तरी रेंगाळण्याची शक्यता सुमारे 15 टक्के होते. शिवाय एका ग्राहकाचा एक प्रश्न सर्वांचे काम वाढवतो, म्हणून सर्व्हर वाढवूनही साइट म्हणावी तशी वेगवान होत नाही.

तिसरा रकाना विक्रेत्याचा. शॉपिफाय या कंपनीने आपली वाटणी दुकानावरच, म्हणजे `shop_id` वर केली आहे, आणि तिच्यासाठी ती योग्य आहे. तिथे प्रत्येक दुकान स्वतंत्र असते. त्याचा माल, त्याचे ग्राहक आणि त्याच्या ऑर्डरी यांचा शेजारच्या दुकानाशी संबंध येत नाही. आपल्या बाजारपेठेत मात्र ग्राहक एकाच खरेदीत तीन विक्रेत्यांच्या वस्तू घेतो आणि पैसे एकदाच भरतो. वाटणी विक्रेत्यावर केली तर ही एक खरेदी तीन सर्व्हरांवर विभागली जाईल. सगळी नोंद व्हावी नाहीतर काहीच होऊ नये, ही डेटाबेसची हमी एका सर्व्हरवर सहज मिळते. तीन सर्व्हरांवर ती टिकवणे अवघड आणि संथ असते. शिवाय सणासुदीला एखाद्या बड्या विक्रेत्याच्या ऑर्डरींनी त्याचा सर्व्हर गुदमरतो.

उरला ग्राहक. एका ग्राहकाच्या सर्व ऑर्डरी, त्या ऑर्डरींतल्या वस्तू आणि त्यांचे पैसे `customer_id` च्या हॅशवरून एकाच सर्व्हरवर ठेवले, तर खरेदीची नोंद तिथेच पूर्ण होते आणि ‘माझ्या ऑर्डरी’ हे पान एकाच ठिकाणाहून भरते. ग्राहक लाखो आणि प्रत्येकाच्या ऑर्डरी मोजक्या, म्हणून भारही सारखा पसरतो. पण हे गृहीत न धरता जुन्या टेबलावर तपासून घ्यावे:

```sql
SELECT customer_id, COUNT(*) AS n
FROM orders
GROUP BY customer_id
ORDER BY n DESC
LIMIT 20;
```

घाऊक खरेदी करणारी एखादी संस्था या यादीत लाखो ऑर्डरींनिशी वर दिसली, तर तिच्यासाठी वेगळी सोय आधीच करता येते. आणखी एक काळजी घ्यायची. की म्हणून मोबाइल नंबर घेऊ नये. नंबर बदलतो, आणि की बदलली की ओळींना एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवावे लागते. कधीच न बदलणारा अंतर्गत क्रमांकच घ्यावा.

आता ग्राहकावर वाटणी केली, तर विक्रेत्याने आपल्या ऑर्डरी कशा पाहायच्या? त्याच्यासाठी त्याच ऑर्डरींची दुसरी प्रत विक्रेत्यानुसार वाटून ठेवतात. मूळ नोंद झाली की ती प्रत मागाहून भरली जाते, त्यामुळे ती काही सेकंद मागे असू शकते. यादी दाखवायला हे चालते. शिल्लक माल किंवा पैसे यांचा निर्णय मात्र तिच्यावरून घेऊ नये.

विक्रेता ‘माल पाठवला’ असे नोंदवतो तेव्हा मूळ ओळ बदलावी लागते. त्याच्या हातात फक्त ऑर्डर क्रमांक असतो, ग्राहकाचा नव्हे. यावर उपाय म्हणून ठिकाण क्रमांकातच लिहून ठेवतात. इन्स्टाग्रामने आपल्या 64 बिटांच्या क्रमांकात 41 बिट वेळेसाठी, 13 बिट शार्डसाठी आणि 10 बिट अनुक्रमासाठी राखले होते. तसेच केले, तर ऑर्डर क्रमांक वाचताच कोणत्या तुकड्यात जायचे ते कळते.

इथे क्रमांकात सर्व्हरचे नाव लिहायचे नाही, कारण सर्व्हर बदलत राहतात. ग्राहक क्रमांकाला सर्व्हरांच्या संख्येने भागून बाकीवरून जागा ठरवली, तर 8 सर्व्हरांचे 9 करताना नवात आठ ओळींची जागा बदलते. म्हणून सुरुवातीलाच भरपूर छोटे तुकडे करून ठेवतात आणि कोणता तुकडा कोणत्या सर्व्हरवर आहे याचा तक्ता वेगळा राखतात. 2021 साली नोशनने आपला डेटा 480 तुकड्यांत विभागून 32 डेटाबेसांवर, म्हणजे प्रत्येकी 15 असा ठेवला. 480 या संख्येला बऱ्याच आकड्यांनी नि:शेष भाग जातो, त्यामुळे पुढे डेटाबेस वाढवले तरी वाटणी सारखी राहते. सर्व्हर वाढला की अख्खे तुकडे हलतात. ओळीचा तुकडा आणि तिचा क्रमांक तोच राहतो.

की चुकली हे दोन खुणांवरून ओळखता येते. एक सर्व्हर सतत तापलेला आणि बाकीचे निवांत असतील, तर वाटणी असमान आहे. सर्वच सर्व्हर व्यस्त असतील आणि बहुतेक प्रश्न सगळ्यांकडे जात असतील, तर की लोकांच्या प्रश्नांशी जुळत नाही.

तेव्हा वाटणी करण्यापूर्वी चालू डेटाबेसच्या आठवडाभराच्या प्रश्नांची नोंद काढा. कोणता प्रश्न किती वेळा येतो आणि कोणत्या ओळी एकत्रच लिहाव्या लागतात, हे आधी पाहा. उलाढालीचे अहवाल महत्त्वाचे वाटले तरी दिवसातून मोजक्या वेळा निघतात. त्यांच्यासाठी वेगळा डेटाबेस ठेवता येतो. चुकलेली की बदलायची तर धंदा चालू ठेवून प्रत्येक ओळ नव्या जागी लिहावी लागते, म्हणून बाजारपेठेच्या ऑर्डरींसाठी माझा कौल ग्राहकाच्या बाजूने आहे.