बिल हातात आहे, पण क्रेडिट कुठंय? काकांच्या दुकानाचा मे महिन्याचा जीएसटी

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना काही आकडे पटकन निघून गेले होते, ते इथे सावकाश बघता येतील.

माझ्या काकांचं वसमतला पाइप, फिटिंग आणि पाण्याच्या मोटरींचं दुकान आहे. उन्हाळ्यात धंदा जोरात असतो. लोकांची हळद विकली जाते, हातात पैसे येतात आणि विहिरीचं पाणी खाली गेलेलं असतं. १८ जूनला संध्याकाळी काकांचा फोन आला. "अरे, वकीलसाहेब म्हणतात या महिन्याला अठ्ठेचाळीस हजार सहाशे भरायचे. माझ्या हिशोबानं एकवीस हजार सहाशे निघतात. सत्तावीस हजार कामून वाढले?" काकांच्या टॅक्सचं काम बघणाऱ्यांना तिकडे सगळे वकीलसाहेबच म्हणतात. रिटर्नची शेवटची तारीख २० जून, म्हणजे हातात दोन दिवस.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, सीए नाही. पण हा प्रश्न म्हणजे दोन याद्या जुळतायत का एवढाच असतो, आणि ते माझं रोजचं काम आहे. काकांना म्हटलं, मे महिन्याच्या खरेदीच्या सगळ्या बिलांचे फोटो पाठवा.

काकांचा हिशोब आधी समजून घेऊ. मे महिन्यात त्यांनी टॅक्स सोडून ६,४०,००० रुपयांचा माल विकला. सगळ्यावर १८ टक्के, म्हणजे गिऱ्हाइकांकडून गोळा झालेला जीएसटी १,१५,२००. हे पैसे काकांचे नाहीत, ते सरकारच्या वतीनं गोळा केलेत. पण तोच माल घेताना काकांनीही होलसेलवाल्याला जीएसटी दिलाय. पाइप घेतले २,५०,००० चे, त्यावर टॅक्स ४५,०००. मोटरी १,५०,००० च्या, टॅक्स २७,०००. व्हॉल्व्ह आणि फिटिंग १,२०,००० चं, टॅक्स २१,६००. एकूण ९३,६००. खरेदीवर आधीच दिलेला हा टॅक्स विक्रीच्या टॅक्समधून वजा करायची मुभा म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट. १,१५,२०० वजा ९३,६०० बरोबर २१,६००. काकांचं गणित बरोबरच होतं.

मग वकीलसाहेबांचा आकडा कुठून आला? त्यांनी काकांची बिलं मोजलीच नव्हती. त्यांनी पोर्टलवरचं `GSTR-2B` उघडलं होतं, आणि तिथे क्रेडिट होतं ६६,६००. बरोबर सत्तावीस हजार कमी. आकडा बघितल्याबरोबर कळलं की मोटरींचं बिल गायब आहे.

हे टू-बी म्हणजे काय ते नीट समजलं की अर्धं काम झालं. विकणारा दर महिन्याला `GSTR-1` नावाचं रिटर्न भरतो. कोणाला, कोणत्या नंबरच्या बिलानं, किती माल विकला याची ती यादी. महिन्याला भरणाऱ्यांना त्याची तारीख पुढच्या महिन्याची ११. काकांचा जीएसटी नंबर ज्या ज्या विक्रेत्यानं आपल्या यादीत टाकला असेल, ती सगळी बिलं पोर्टल गोळा करतं आणि १४ तारखेला काकांच्या टू-बीमध्ये दाखवतं. काकांना त्यात हातानं एक ओळही घालता येत नाही. जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की जे बिल टू-बीत आलं त्याचंच क्रेडिट घ्यायचं. बिल हातात असणं, माल दुकानात येणं या अटी आहेतच, पण तेवढ्यानं भागत नाही.

काका चिडले. "बिल हाय ना माझ्याकडं! पैसे पोचलेत त्याला. त्यानं यादीत टाकलं नाही तर माझा काय गुन्हा?" राग खरा आहे. पण पोर्टलला काकांचं कपाट दिसत नाही, त्याला फक्त विक्रेत्याची यादी दिसते.

बिल टू-बीत न येण्याची सगळ्यात साधी कारणं उशिराची असतात. विक्रेत्यानं ११ च्या ऐवजी १२ तारखेला रिटर्न भरलं की बिल पुढच्या महिन्याच्या टू-बीत जातं. काही छोटे विक्रेते तीन महिन्यांतून एकदा रिटर्न भरतात. त्यांनी मधल्या महिन्यांत बिलं वेगळी अपलोड केली नाहीत तर एप्रिल-मेची बिलं थेट जूनच्या टू-बीत, म्हणजे १४ जुलैला दिसतात. यात पैसे बुडत नाहीत, अडकतात. म्हणून मी आधी पोर्टलवर विक्रेत्याचं रिटर्न बघितलं. लॉगिन लागत नाही. `Search Taxpayer` मध्ये त्याचा जीएसटी नंबर टाकायचा आणि `Show Filing Table` दाबायचं. नांदेडच्या त्या होलसेलवाल्यानं मेचं रिटर्न वेळेत भरलं होतं.

मग बिलाचा फोटो मोठा करून बघितला. ९ मे तारीख. दुकानाचं नाव बरोबर. एचएसएन ८४१३, म्हणजे पंप. टॅक्सेबल व्हॅल्यू १,५०,०००. सीजीएसटी ९ टक्के १३,५००, एसजीएसटी ९ टक्के १३,५००. सगळं ठीक. मग खरेदीदाराचा जीएसटी नंबर एकेक अक्षर वाचला, आणि तिथे घोळ निघाला. तो काकांचा नव्हताच.

जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा किंवा फर्मचा पॅन. मग त्या पॅनवर राज्यातली कितवी नोंदणी ते, मग बहुतेक वेळा `Z`, आणि शेवटचं अक्षर तपासणीचं. हे शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून गणितानं निघतं, त्यामुळे टाइप करताना एखादं अक्षर चुकलं तर नंबर बहुतेक वेळा चालतच नाही. म्हणून बिलावर चुकीचा नंबर दिसला की मला टायपिंगचा संशय येत नाही. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये यादीतून चुकीची पार्टी निवडली गेलेली असते. आपल्याकडे दुकानांना देवाची नावं. एकाच नावाची चार दुकानं चार तालुक्यांत. ऑपरेटरनं पहिली तीन अक्षरं टाकली, खाली आलेल्या यादीतलं वरचं नाव दाबलं, झालं. काकांच्या मोटरींचा टॅक्स दुसऱ्याच गावच्या, त्याच नावाच्या दुकानाच्या खात्यावर गेला होता. काकांनी मोटरी मोजून घेतल्या, रक्कम बघितली, नंबर कोण वाचतो?

आता दोन दिवसांत काय होऊ शकतं? खरं सांगायचं तर त्या महिन्यापुरतं काहीच नाही. विक्रेत्याचा ऑपरेटर फोनवर म्हणाला, "वन-ए भरून लगेच दुरुस्त करतो." `GSTR-1A` ही सोय आहे, पण खरेदीदाराचा जीएसटी नंबर त्यातून बदलता येत नाही. ती दुरुस्ती पुढच्या महिन्याच्या `GSTR-1` मध्येच करावी लागते. म्हणजे जूनचं रिटर्न, ११ जुलैपर्यंत. मग ते बिल काकांच्या १४ जुलैच्या टू-बीत येणार आणि क्रेडिट २० जुलैला भरायच्या `GSTR-3B` मध्ये घेता येणार. तोवर सत्तावीस हजार रोख भरायचे.

काकांनी विचारलं, "थ्री-बीत आपण हातानं ९३,६०० टाकले तर?" `GSTR-3B` म्हणजे महिन्याचा गोषवारा. विक्रीवरचा टॅक्स किती, क्रेडिट किती, रोख किती. त्यातला विक्रीचा टॅक्स आता पोर्टल तुमच्या `GSTR-1` वरून भरतं आणि तो थ्री-बीत बदलता येत नाही. क्रेडिटचा आकडा टू-बीवरून येतो, पण तो अजून बदलता येतो. म्हणून मोह होतो. टू-बीपेक्षा जास्त क्रेडिट घेतलं आणि फरक ठरलेल्या मर्यादेपुढे गेला, तर `DRC-01C` येतं आणि ७ दिवसांत खुलासा करावा लागतो. सत्तावीस हजारांसाठी ते कदाचित येणार नाही. पण पुढे तपासणीत निघालं तर चुकीचं वापरलेलं क्रेडिट परत, वर १८ टक्के व्याज. मी काकांना म्हटलं, एक महिना अडकू द्या. त्यांनी १९ जूनला ४८,६०० भरले. खूश नव्हते.

नंतर विक्रेत्याकडून दोन गोष्टी लेखी मागून घेतल्या. बरोबर नंबरचं सुधारित बिल, आणि जूनच्या रिटर्नमध्ये दुरुस्ती करतो असा व्हॉट्सअॅप मेसेज. हे ढकलत राहिलं तरी कायमचा वेळ नसतो. एखाद्या आर्थिक वर्षातल्या बिलाचं क्रेडिट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच घेता येतं, वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर त्या दिवसापर्यंतच.

हे दर महिन्याला डोळ्यांनी बघत बसू नये म्हणून मी काकांच्या मुलीला एक शीट करून दिली. टू-बी पोर्टलवरून एक्सेलमध्ये डाउनलोड होतं. आपल्या शीटमध्ये A कॉलमला विक्रेत्याचा जीएसटी नंबर, B ला टॅक्सेबल व्हॅल्यू. टू-बीतले तेच दोन कॉलम F आणि G मध्ये चिकटवायचे. मग C मध्ये:

```
=COUNTIFS(F:F,A2,G:G,B2)
```

उत्तर 0 आलं तर ते बिल टू-बीत नाही. बिल नंबरवर मुद्दाम जुळवलं नाही, कारण कागदावर `NP/0412` असतं आणि आपण वहीत ४१२ लिहितो. पैशांच्या फरकानंही कधी खोटा 0 येतो, तेवढा डोळ्यांनी बघायचा.

१५ जुलैला तिचा फोन आला. "दादा, अजूनही शून्यच दाखवतंय." थोडा घाम फुटला. मग लक्षात आलं की टू-बीच्या फाइलमध्ये नेहमीची बिलं `B2B` शीटवर असतात आणि दुरुस्त केलेली `B2BA` वर. तिथे ती ओळ होती. १३,५०० आणि १३,५००.

काकांनी आता स्वतःच एक पद्धत सुरू केलीय. नव्या विक्रेत्याला मालाचे पैसे लगेच देतात, टॅक्सची रक्कम बिल टू-बीत दिसल्यावर. पूर्ण पैसे बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं, एवढं मी त्यांना बजावलंय. नांदेडवाले कुरकुर करतात, पण आता बिल छापायच्या आधी फोन करून नंबर विचारतात.

पुढच्या भागात माल परत केल्यावर येणारी क्रेडिट नोट. तुमच्या दुकानात असा काही घोळ झाला असेल तर व्हॉइस नोट पाठवा, फक्त बिलावरचे नंबर झाकून.