दोष दारूच्या रंगाचा किती?

रात्रीची चढलेली उतरते, तेव्हाच डोकं सर्वांत जास्त ठणकतं. रक्तातलं अल्कोहोल जवळजवळ संपलेलं असतं. मागे उरतो शरीरातला दाह, मोडलेली झोप, चिडलेलं जठर आणि कोरडा घसा.

गडद दारूने त्रास वाढतो का? अमेरिकेत ब्राऊन विद्यापीठाच्या डॅमारिस रोसेनाऊ आणि सहकाऱ्यांनी ९५ तरुणांना बरबन किंवा व्होडका पाजून पाहिली. आंबवताना आणि लाकडी पिंपात मुरताना तयार होणारी कॉन्जेनर नावाची द्रव्यं बरबनमध्ये व्होडकाच्या ३७ पट असतात. बरबनवाल्यांना सकाळ जड गेली खरी. पण झोप दोघांचीही सारखीच बिघडली आणि कामातली चपळाईही सारखीच घटली. मुख्य गुन्हेगार अल्कोहोलच. शिवाय आपल्याकडच्या अनेक स्वस्त व्हिस्क्या म्हणजे मळीचं स्पिरिट आणि कॅरॅमलचा रंग, त्यामुळे नुसत्या रंगावरून काय ओळखणार?

सकाळी पुन्हा घोटभर घेतली तर त्रास फक्त पुढे ढकलला जातो. लिंबूपाण्याने तहान भागते, हँगओव्हर जात नाही. पॅरासिटामॉलचा भार दमलेल्या यकृतावर पडतो, आयबुप्रोफेनचा जठरावर. खरा उतारा झोप आणि वेळ. त्याआधी, कमी पेग.