सात तारखेचा पगार, पंधरा तारखेची वसुली

नाशिकमध्ये कुणी ऑफिस-सफाईची सेवा सुरू करतंय, असं समजा. सहा कामगार, तीन कंपन्यांची कंत्राटं, महिन्याचं एकूण बिल १,३०,००० रुपये. कामगारांचा पगार ८४,०००, फिनाईल-पोछे, प्रवास आणि फोन मिळून १६,०००, म्हणजे खर्च एक लाख. मालकिणीने घरखर्चाला १५,००० घेतले तरी महिन्याला १५,००० उरतात. कागदावर धंदा पहिल्या दिवसापासून नफ्यात आहे. तरीही तिसऱ्या महिन्यात पगाराला पैसे नसतील. हे आधी दिसावं म्हणून रोखीचा अंदाज मांडायचा असतो.

नफ्याच्या हिशेबात बिल केलं की उत्पन्न धरतात. रोखीच्या हिशेबात पैसे खात्यात जमा होतील त्याच महिन्यात ते लिहायचे. वही किंवा एक्सेलमध्ये एप्रिल ते मार्च असे बारा रकाने आखा. प्रत्येक रकान्यात सुरुवातीची शिल्लक, आलेले पैसे, गेलेले पैसे आणि अखेरची शिल्लक लिहा. एका महिन्याची अखेरची शिल्लक हीच पुढच्या महिन्याची सुरुवात.

आता आकडे भरू. भांडवल २,५०,०००. एप्रिलमध्ये व्हॅक्यूम, फरशी घासायचं मशीन वगैरेंवर ९०,००० गेले. सामान-प्रवासाचे १६,००० आणि घरखर्चाचे १५,००० वजा जाता १,२९,००० उरले. एप्रिलचा पगार मात्र ७ मे रोजी द्यायचा आहे. मे महिन्यात पगारासह १,१५,००० गेले, आलं काहीच नाही, कारण एप्रिलचं बिल ३० तारखेला दिलं आणि कंपन्या ४५ दिवसांनी पैसे देतात. मेअखेर शिल्लक १४,०००.

जूनमध्ये पहिली वसुली. कंपन्या १ टक्का टीडीएस कापतात, म्हणून १,३०,००० ऐवजी १,२८,७०० हातात येतात. कापलेले पैसे बुडत नाहीत. आयकर विवरणपत्र भरल्यावर कराच्या हिशेबात जमा होतात किंवा परत मिळतात. पण यंदाच्या रोखीत ते धरायचे नाहीत. जूनचा खर्च वजा जाता महिनाअखेर २७,७०० उरतात. तक्ता म्हणतो, सगळं ठीक आहे.

इथेच तो फसवतो. पगार ७ जूनला द्यायचाय आणि वसुली १५ जूनला येणार आहे. सात तारखेला खात्यात १४,००० आहेत, द्यायचेत ८४,०००. म्हणजे ७०,००० कमी. महिनाअखेरचा आकडा हा खड्डा झाकून टाकतो. म्हणून तक्त्यात आणखी एक ओळ हवी: महिन्यातली सगळ्यात कमी शिल्लक, तारखेसह.

ही ओळ पुढे नेली की कळतं, हा खड्डा एका महिन्यापुरता नाही. दर महिन्याला शिल्लक फक्त १३,७०० ने वाढते. त्यात ऑक्टोबरमध्ये दिवाळीचा बोनस म्हणून प्रत्येकी ७,००० दिले की ४२,००० गेले. मग फेब्रुवारीपर्यंत दर सात तारखेला खातं उणेच जातं. त्यात जूनमध्येच निम्म्या बिलाची एक कंपनी महिनाभर उशिरा द्यायला लागली, तर ७ जुलैचा खड्डा १,२०,६५० चा होतो.

हे एप्रिलमध्येच दिसलं तर उपाय हातात असतात. सर्वांत गुणकारी उपाय कंत्राटाच्या अटींमध्ये आहे. त्याच निम्म्या बिलाच्या कंपनीने दर महिन्याच्या ५ तारखेला मागच्या महिन्याचे पैसे द्यायचे कबूल केले, तर ७ जूनला उणे ७०,००० ऐवजी ५८,७०० शिल्लक राहतात. एक रुपयाही कर्ज न घेता. उद्यम नोंदणीही करून ठेवावी: सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाही, असा २००६ चा कायदा आहे. तरीही कमी पडत असेल तर बँकेकडे ओव्हरड्राफ्ट मागावा, पण खात्यात पैसे असताना, एप्रिलमध्ये.

आणखी एक गोष्ट तक्त्यात टिपून ठेवावी. या धंद्याचं वर्षाचं बिल १५,६०,००० होतं. सेवा व्यवसायाला २० लाखांच्या उलाढालीनंतर जीएसटी नोंदणी सक्तीची होते. चौथं मोठं कंत्राट मिळालं की ती मर्यादा जवळ येते. त्यानंतर बिल केलं की जीएसटी पुढच्या महिन्यात सरकारला भरावा लागतो, कंपनीकडून वसुली व्हायची असली तरी. म्हणजे वाढणारं काम खड्डाही वाढवतं.

तक्ता एकदा मांडून फायलीत ठेवायचा नसतो. दर महिनाअखेर अंदाजाशेजारी खरा आकडा लिहा आणि त्याहीपेक्षा पैसे जमा झाल्याची खरी तारीख लिहा. ४५ धरलेले दिवस ६० निघाले, तर पुढच्या सगळ्या महिन्यांची वसुली तेवढी पुढे सरकवा. मग पुढचा पगार कोणत्या तारखेला अडेल, ते त्या तारखेच्या दोन महिने आधी कळेल.